गेलेलं फिलर आणि उरलेली चरबी: बसलेल्या गालफडांचं एक प्रकरण

बाई पहिल्यांदा आल्या तेव्हा खुर्चीत बसायच्या आधीच म्हणाल्या, "डॉक्टर, मी आजारी नाहीये." हे वाक्य त्यांना दिवसातून दोनतीनदा म्हणावं लागत होतं. वय ५७, सातारा जिल्ह्यातल्या एका शाळेतून नुकत्याच निवृत्त झालेल्या. मधुमेह निघाला म्हणून दोन वर्षं नेटाने चालल्या, खाणं आवरलं आणि ७१ किलोंवरून ५७ वर आल्या. साखर आटोक्यात आली, गुडघे हलके झाले, पण गालफडं बसली आणि कानशिलं आत गेली. जाऊबाईंनी भर हळदीकुंकवात विचारलं, "काही तपासण्या केल्या का गं?"

(ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदलले आहेत. वैद्यकीय भाग जसाच्या तसा आहे.)

त्यांची मागणी ठरलेली होती. वर्षभरापूर्वी एका शहरात त्यांनी दोन्ही गालांत एकेक मिलि फिलर, म्हणजे खड्डे भरायला टोचतात ते जेल, भरून घेतलं होतं. "आठ महिन्यांत सगळं गेलं. पैसे पाण्यात. आता मला कायमचं करायचंय, स्वतःचीच चरबी काढून गालात भरून." शिवाय सहा आठवड्यांवर मुलाचा साखरपुडा होता, म्हणून सगळं त्याच्या आत हवं.

या मागणीत तीन गोष्टी होत्या: फिलर गेलं, चरबी कायमची असते, आणि ती सहा आठवड्यांत बसते. तिन्ही अर्ध्याच खऱ्या होत्या, आणि पुढचं प्रकरण त्या उरलेल्या अर्ध्याचंच आहे.

चेहरा नेमका कुठे रिकामा झाला

चेहऱ्यातली चरबी म्हणजे कातडीखाली सगळीकडे सारखा पसरलेला थर नव्हे. रॉरिक आणि पेसा यांनी २००७ साली मृतदेहांच्या चेहऱ्यात रंग सोडून दाखवलं की ती वेगवेगळ्या कप्प्यांत असते आणि कप्प्यांमध्ये पडदे असतात. वयाबरोबर हे कप्पे एकाच वेगाने रिकामे होत नाहीत. गालाच्या हाडाला टेकलेला खोल कप्पा ओसरला की त्याच्यावरचा भाग आधाराअभावी खाली सरकतो, मग नाकाजवळची घडी खोल दिसते आणि रुग्ण बोट त्या घडीवर ठेवतो. कानशिलात चरबीची गादी पातळ होते, त्याखालचा चावण्याचा स्नायूही बारीक होतो, आणि भुवईच्या शेपटीमागे हाडाची कड उघडी पडते. "आजारी आहेस का?" हा प्रश्न बहुतेक वेळा ती कडच लोकांच्या तोंडून वदवते.

बाईंच्या बाबतीत वय आणि उतरलेलं वजन दोन्ही होतं. मी त्यांना आरशासमोर बसवून डोक्यावरून एकच दिवा लावला. अशा उजेडात खड्डा आणि लोंबलेली कातडी वेगवेगळी दिसतात. जबड्याच्या कडेला थोडी कातडी सैल होती, आणि ती चरबीने वर जाणार नाही, फिलरनेही नाही, हे तिथल्या तिथे सांगितलं. सैल कातडी भरून ताणायला गेलं की चेहरा उशीसारखा होतो. असे चेहरे रस्त्यात लांबून ओळखू येतात.

सोनोग्राफीने सांगितलेली गोष्ट

"गेलं" म्हणणाऱ्यांचा चेहरा मी हल्ली सोनोग्राफीखाली बघते. हायल्युरॉनिक आम्लाचं फिलर तिथे काळ्या, प्रतिध्वनी न देणाऱ्या डबक्यासारखं दिसतं. बाईंच्या दोन्ही गालांत हाडाजवळ अशी छोटी डबकी होती. उजवीकडचं हरभऱ्याएवढं, डावीकडचं थोडं लांबट.

"म्हणजे ते गेलंच नाही?"

बऱ्यापैकी होतं. ते घातलं तेव्हा त्यांचं वजन ६३ होतं, आता ५७. फिलर जवळजवळ जागच्या जागी होतं, पण भोवतीचा गाल ओसरला होता. शिवाय एवढ्या खड्ड्याला गालाला एकेक मिलि मुळातच कमी. पाव चमचा भरून हंडा भरला नाही, अशी ती तक्रार होती.

फिलर किती टिकतं याचे दोन वेगळे अर्थ आहेत, ही खूणगाठ इथेच बांधावी. एक म्हणजे आरशात फरक किती दिवस दिसतो, आणि दुसरा म्हणजे ते द्रव्य आत किती दिवस असतं. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१३ मध्ये गालाच्या भरावासाठी एका हायल्युरॉनिक फिलरला मान्यता दिली, ती दोन वर्षांपर्यंतच्या परिणामासाठी. त्याच फिलरला कानशिलासाठी २०२४ मध्ये मान्यता मिळाली, तिथे आकडा १३ महिन्यांपर्यंतचा आहे. हे आकडे दिसण्याचे आहेत. द्रव्य म्हणाल तर एमआरआयमध्ये कित्येक वर्षांनीही ते गालात सापडलं आहे. "आठ महिन्यांत विरघळतं, मग परत भरा" असं म्हणत दरवर्षी वर भर घालत गेलं की चेहरा फुगतो तो यामुळे.

बाईंची डबकी खोल होती, वर कुठेही उंचवटा नव्हता. तेव्हा ती विरघळवायची गरज नव्हती. मी त्यांची मापं आणि चित्रं जपून ठेवली. काही महिन्यांनी ती फार उपयोगी पडली.

साखरपुड्याआधी काय नको

चरबी भरल्यावर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सूज सर्वांत जास्त असते आणि दोन आठवडे तरी चेहरा चारचौघांत नेण्यासारखा नसतो. पुढे महिना-दीड महिना तो गरजेपेक्षा भरलेला दिसतो. खरा निकाल तीन ते सहा महिन्यांनी. म्हणजे साखरपुड्याच्या फोटोंत त्या सुजलेल्या आल्या असत्या, आणि ते फोटो घरात पन्नास वर्षं राहतात. फिलर चाललं असतं, त्यांच्या चेहऱ्याला पाच सिरिंज लागल्या असत्या. एका सिरिंजचे पंचवीस हजार धरले तर सव्वा लाख. माझ्याकडे चरबी भरण्याचा त्यांचा सगळा खर्च एक लाख चाळीस हजारांच्या आसपास जात होता. बाईंनी मनातल्या मनात हिशोब केला आणि म्हणाल्या, "साखरपुड्याला आहे तशीच जाते."

मला हा निर्णय आवडला, कारण एक मुद्दा त्यांच्या बाजूने होता: वजन आठ महिने ५७ वर टिकलं होतं. भरलेली चरबी जिवंत असते. ती जिथून घेतली तिथल्या स्वभावाने वागते, वजन उतरलं की आक्रसते आणि वाढलं की फुगते. सध्या टिर्झेपाटाइड किंवा सेमाग्लुटाइडची वजन घटवणारी इंजेक्शनं घेऊन झपाट्याने वजन उतरत असलेले बरेच जण बसलेले गाल घेऊन येतात. त्यांना मी चरबी भरत नाही. वजन किमान सहा महिने एका जागी थांबू दे म्हणते. फारच हौस असेल तर थोडं फिलर, कारण चूक झाली तर ते मागे घेता येतं.

मग मी विचारलं, "मशेरी लावता?" बाई क्षणभर गप्प. मग हळूच, "सकाळी फक्त. शाळेत कुणाला माहीत नव्हतं." तंबाखू रक्तवाहिन्या आवळते, आणि नव्या जागी ठेवलेल्या चरबीला पहिले काही दिवस रक्तपुरवठाच नसतो. मशेरी चार आठवडे आधी आणि चार आठवडे नंतर बंद, ही माझी अट. तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणारं एचबीए१सी ६.८ होतं, चालण्यासारखं. फॅमिली डॉक्टरांनी सवयीने चालू ठेवलेली ७५ मिलिग्रॅमची ॲस्पिरिन त्यांनाच विचारून आठवडाभर थांबवली. हृदयाचा त्रास असता तर ती थांबवली नसती.

शस्त्रक्रिया

चेहऱ्यात चरबी भरण्याची कल्पना जुनी आहे. जर्मन शल्यविशारद नॉयबर यांनी १८९३ मध्ये दंडाची चरबी चेहऱ्यावरच्या व्रणाखाली ठेवली होती. तिला आजचं रूप १९९० च्या दशकात सिडनी कोलमन यांनी दिलं. त्यांचं मर्म एका ओळीत: चरबी जपून काढा, स्वच्छ करा आणि कणाकणाने पेरा.

पेरा हा शब्द मी मुद्दाम वापरते. चरबीचा कण पहिले दोनतीन दिवस भोवतालच्या द्रवावर जगतो, मग त्यात बारीक रक्तवाहिन्या शिरतात. कणाचा बाहेरचा एखाददोन मिलिमीटरचा थर तेवढा तग धरतो. लाडूएवढा गोळा ठेवला तर त्याचं पोट मरतं आणि तेलाने भरलेली पोकळी होते. तांदळाएवढे कण पसरून ठेवले तर जगण्याची शक्यता वाढते. वाढते म्हणते, खात्री नाही. भरलेल्यातलं तीस टक्केही राहू शकतं आणि सत्तर टक्केही, आणि कुणाचं किती राहील ते आधी कुणीच सांगू शकत नाही. चरबीचा हा सर्वांत मोठा तोटा आहे. लोक मात्र टाके किती, डाग राहील का, एवढंच विचारतात.

बाईंच्या मांड्यांच्या आतल्या बाजूला आणि बेंबीखाली भुलीचं औषध व ॲड्रेनालिन मिसळलेलं सलाईन सोडलं, पंधरा मिनिटं थांबलो, आणि १० मिलिच्या सिरिंजने हाताच्याच हलक्या ओढीने ७० मिलि काढलं. यंत्राच्या जोरदार ओढीने पेशी फुटतात. फिरवून घेतल्यावर तीन थर झाले: वर फुटलेल्या पेशींचं तेल, खाली रक्तपाणी आणि मधे पिवळी चरबी. मधला थर साधारण ३२ मिलि निघाला.

गालांत प्रत्येकी ५.५ मिलि गेली, त्यातली निम्मी हाडालगत आणि बाकीची वरच्या थरात. जुन्या फिलरच्या डबक्यांना वळसा घालून. डाव्या कानशिलात ४.५ आणि उजव्यात ५, कारण उजवा खड्डा जास्त खोल होता. एकूण साडेवीस मिलि. सुई कुठेच नाही, बोथट टोकाची बारीक नळी, म्हणजे कॅन्युला, आणि १ मिलिची सिरिंज. कॅन्युला आत नेताना काहीच सोडायचं नाही, बाहेर घेताना दाब हलका, एका फेरीत ०.१ मिलिपेक्षा जास्त नाही. हिशोब केला तर दोनशेहून जास्त फेऱ्या होतात. कंटाळवाणं काम आहे, आणि घाई तिथेच होते.

उरलेली चरबी टाकून दिली. काही ठिकाणी ती गोठवून पुढच्या वेळेसाठी ठेवतात. गोठवलेल्या पेशी नीट जगत नाहीत आणि साठवणुकीत जंतू शिरण्याची भीती असते. चरबी भरलेल्या जागी क्षयरोगाच्या जंतूंच्या कुळातले पण वेगळे, पाण्यात आणि नीट न धुतलेल्या उपकरणांवर वाढणारे जंतू शिरल्याच्या नोंदी आहेत. त्या गाठी काही आठवड्यांनी उठतात, साध्या अँटिबायोटिकला दाद देत नाहीत आणि उपचार महिनोन्‌महिने चालतो. तीन-चार आठवड्यांनी लाल, दुखरी, पू धरणारी गाठ आली तर "सूज आहे, जाईल" म्हणून घरी बसू नये. पू तपासायला पाठवताना या जंतूंची चाचणी नाव घेऊन मागावी लागते, नाहीतर रिपोर्ट कोरा येतो.

डोळ्याची गोष्ट

संमतिपत्रकावर सही करताना बाईंनी एका ओळीवर बोट ठेवलं: "आंधळेपणा? गालात भरून?"

होय. दुर्मीळ आहे, पण आहे. कानशिलातल्या धमनीची पुढची फांदी कपाळावरच्या फांद्यांना जाऊन मिळते आणि त्या डोळ्याच्या धमनीतून येतात. इंजेक्शनचं टोक चुकून धमनीत असेल आणि दाब रक्तदाबापेक्षा जास्त पडला तर द्रव्य उलट्या दिशेने डोळ्याच्या धमनीपर्यंत ढकललं जातं. दाब सोडला की ते रक्ताबरोबर पुढे जाऊन दृष्टिपटलाची वाट बंद करतं. दृष्टिपटल तास-दीड तासाच्या वर तग धरत नाही.

बेलेझ्ने आणि सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये जगभरात नोंदवलेले असे ९८ रुग्ण गोळा केले. त्यांतले जवळजवळ निम्मे फिलरचे नव्हते, रुग्णाच्या स्वतःच्या चरबीचे होते. त्यांनीच २०१९ मध्ये पुढचे ४८ रुग्ण मांडले, त्यांत हायल्युरॉनिक फिलरचा वाटा ८० टक्क्यांच्या वर गेला होता. मधल्या काळात फिलरचा वापर प्रचंड वाढला. या दोन आकड्यांवरून कुठलं जास्त धोक्याचं ते ठरत नाही, कारण एकूण किती जणांनी काय घेतलं ते त्यात नाही. पण अपघात झाल्यावर काय होतं यात फरक आहे. चरबीचे गोळे मोठे असल्याने डोळ्याची मुख्य धमनीच बंद होते आणि मेंदूलाही इजा झाल्याचं जास्त दिसतं. हायल्युरॉनिक फिलर निदान कातडीच्या वाहिनीत अडकलं तर हायल्युरॉनिडेज टोचून विरघळवता येतं. डोळ्याच्या बाबतीत तेही क्वचितच वेळेवर पोचतं. चरबीला विरघळवणारं औषध नाही.

"स्वतःचीच चरबी, म्हणजे निर्धोक" हा समज मी या जागी मोडून काढते. ॲलर्जी होत नाही एवढाच त्याचा अर्थ. बाईंनी बराच वेळ कागदाकडे पाहिलं, मग "बोथट सुई वापराल ना?" विचारून सही केली. बोथट कॅन्युलाने धोका कमी होतो, शून्य होत नाही, हेही त्याच पानावर लिहिलं होतं.

तिसरा, चौथा आणि सहावा महिना

सहाव्या आठवड्यात बाई खूश, जाऊबाई गप्प. तिसऱ्या महिन्यात फोन आला: "विरघळली हो सगळी!" हा फोन जवळजवळ प्रत्येकाचा येतो. सूज ओसरलेली असते, मेलेली चरबी शरीराने उचललेली असते, आणि रुग्ण तुलना करतो ती सहाव्या आठवड्याच्या फोटोशी. तुलना शस्त्रक्रियेआधीच्या फोटोशी करायची, त्याच खोलीत, त्याच दिव्याखाली. तशी केल्यावर गाल चांगले भरलेले होते.

चौथ्या महिन्यात डाव्या गालावर मटकीच्या दाण्याएवढी गाठ हाताला लागली. लाली नाही, दुखणं नाही. सोनोग्राफीत पुन्हा काळं डबकं. आता हे जुनं फिलर की चरबी मरून झालेली तेलाची पोकळी? दोन्ही सारखीच दिसू शकतात. इथे आधीची चित्रं कामी आली. जुनं डबकं हाडाजवळ, लांबट, होतं तिथेच होतं. ही गाठ कातडीपासून चार मिलिमीटरवर, गोल, स्पष्ट भिंतीची. बारीक सुईने ओढल्यावर पिवळं तेल आलं. आधीची नोंद नसती तर मी कदाचित हायल्युरॉनिडेज टोचलं असतं. तेलावर त्याचा काही उपयोग नसतो, आणि खालचं निरुपद्रवी फिलर मात्र विरघळलं असतं. गाठ पुन्हा भरली नाही. भरली असती तर छोटा छेद घेऊन काढावी लागली असती.

सहाव्या महिन्यात गाल दोन्ही, डावं कानशील ठीक. उजव्यात ५ मिलि घालूनही खड्डा परत दिसत होता. का? खात्रीने सांगता येत नाही. माझ्या अनुभवात कानशील गालापेक्षा कमी चरबी धरतं. बाई उजव्या कुशीवर झोपतात, पण ते कारण आहे असं म्हणायला माझ्याकडे पुरावा नाही. मशेरी? "दोनदा लावली," त्यांनी कबूल केलं.

आता पुन्हा चरबी की फिलर? एका कानशिलासाठी परत मांडी टोचायची, परत दोन आठवडे सूज, आणि परत किती राहील ते अज्ञात. उणीव छोटी होती, मोजता येत होती. अशा जागी मला फिलर जास्त पटतं, कारण जेवढं घालू तेवढंच दिसतं आणि जास्त झालं तर काढता येतं. भुवईच्या शेपटीजवळच्या कडेवरून एक सेंटिमीटर वर आणि तिथून एक सेंटिमीटर मागे, या जागी सुई थेट हाडापर्यंत नेली. वरचे थर टाळायचे, कारण धमनी आणि चेहऱ्याच्या मज्जातंतूची भुवई उचलणारी फांदी तिथेच असते. सिरिंज मागे ओढून रक्त आलं नाही म्हणजे वाहिनीत नाही, असं मी मानत नाही. घट्ट फिलरने भरलेल्या सुईतून रक्त परत यायला वेळ लागतो. म्हणून सावकाश, ०.८ मिलिला दोन मिनिटांच्या वर, आणि मधेमधे "माझी बोटं दिसतात का?" हायल्युरॉनिडेजच्या १५०० युनिटच्या कुप्या त्याच खोलीत, हाताशी. ज्या दवाखान्यात त्या दाखवता येत नाहीत, तिथे फिलर घेऊ नये.

घरी जाताना एक कागद दिला: कातडी पांढरी पडली, जाळीसारखे निळसर डाग आले, दुखणं वाढत गेलं किंवा दृष्टी धूसर झाली, तर सकाळची वाट न बघता लगेच फोन.

दोन वर्षांनी बाई नातवाला घेऊन आल्या. वजन ६२ झालं होतं आणि गाल त्या हिशोबाने थोडे जास्तच भरलेले. "मांडीची चरबी मांडीसारखीच वागते की," त्या म्हणाल्या. उजवं कानशील पुन्हा जरासं आत होतं, पण भर घालायला त्यांनी नकार दिला. सोनोग्राफी करू दिली. डाव्या गालात हाडाजवळ, तीन वर्षांपूर्वी "आठ महिन्यांत गेलेलं" फिलर अजून एका बारीक काळ्या रेघेसारखं दिसत होतं.